गेममध्ये शेवटच्या सर्कलला फोन अडकतो? ग्राफिक्स आणि फ्रेम रेट असे लावा

मे महिना लागला की तालुक्याच्या मोबाईल दुकानांत एक तक्रार ठरलेली असते. पोरगा फोन काउंटरवर ठेवतो आणि सांगतो, "गेम खेळताना आधी मक्खन चालतो, पण पंधरा-वीस मिनिटांनी अडकायला लागतो. शेवटच्या सर्कलला तर नुसता स्लाइड शो." दुकानदार कधी बॅटरी बदलायला सांगतो, कधी फोन रिसेट मारून देतो, तर कधी एक्स्चेंजमध्ये नवा घ्यायला सुचवतो. पंधरा-वीस हजारांचा फोन, त्याचे हप्ते अजून फिटलेले नसतात आणि घरात नव्या फोनचा विषय सुरू होतो.

बहुतेक वेळा त्या फोनमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. फोन तापलेला असतो आणि स्वतःला वाचवायला त्याने आपला वेग कमी केलेला असतो. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. त्यावरचा उपाय गेमच्या सेटिंगमध्येच आहे आणि त्याला एक रुपया लागत नाही. फक्त कोणतं बटण किती फिरवायचं हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवावं लागतं. इथे उदाहरण बीजीएमआयचं घेतलं आहे, कारण आपल्याकडे तक्रार जास्त त्याचीच येते आणि त्याची एक मॅच अर्ध्या तासापर्यंत लांबते.

आधी नक्की करा, फोन तापतोय की नेट अडकतंय

पोरं दोन्हीला "लॅग" म्हणतात. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

ओळखायची सोपी खूण अशी. गेम अडकायला लागला की जागेवर उभं राहा आणि बोटाने नजर गर्रकन फिरवून बघा. नजर झटके न देता नीट फिरत असेल, पण समोरचे खेळाडू एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारत असतील, गोळी लागूनही लागल्याचं दिसत नसेल, तर दोष नेटचा. त्या वेळी स्क्रीनवरचा पिंगचा आकडाही वाढलेला दिसेल. उलट पिंग हिरवा आहे, पण नजर फिरवतानाच चित्र अडखळतंय, तर फोन पुरेशी चित्रं काढू शकत नाही.

त्यातही एक फरक आहे. मॅच सुरू होऊन दोनच मिनिटं झाली, फोन थंड आहे आणि नव्या इमारतीजवळ गेल्यावर एकदाच झटका बसून पुन्हा सुरळीत झालं, तर ते तापणं नव्हे. तिथे स्टोरेज भरलेलं असतं किंवा रॅम कमी पडते. तापण्याची तक्रार नेहमी उशिरा सुरू होते, एकदा सुरू झाली की जात नाही आणि मॅच संपेपर्यंत वाढत जाते. सोबत स्क्रीनचा उजेड आपोआप मंद होतो. कॅमेऱ्याच्या आसपासची पाठ हाताला चांगलीच गरम लागते, कारण बऱ्याच फोनमध्ये मुख्य चिप त्याच बाजूला असते. ही लक्षणं जुळत असतील तर पुढचं वाचा.

पहिली दहा मिनिटं उधारीची

गेम म्हणजे फोनच्या दृष्टीने एकामागून एक काढलेली चित्रं. एका सेकंदात किती चित्रं काढली तो फ्रेम रेट, म्हणजेच एफपीएस. ६० एफपीएस म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. एक चित्र पूर्ण करायला फोनला १७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. ४० एफपीएसवर तेच काम करायला २५ मिलिसेकंद मिळतात आणि ३० वर ३३.

हे काम करताना चिप जी वीज खाते तिची शेवटी उष्णताच होते. लॅपटॉपमध्ये ती बाहेर फेकायला पंखा असतो. आपल्या फोनमध्ये पंखा नाही. उष्णता पाठीच्या आणि काचेच्या पृष्ठभागातून हवेत जाईल तेवढीच जाते. साधा फोन खोलीतल्या हवेत सतत साधारण तीन ते चार वॅट उष्णता बाहेर टाकू शकतो. गेम पूर्ण जोरात चालला तर पाच वॅट आणि वरही तयार होते.

मग पहिली दहा मिनिटं कशी मजेत जातात? कारण फोन थंड असतो. जास्तीची उष्णता बाहेर जात नाही, ती फोनच्या अंगात मुरते. काच, फ्रेम, बॅटरी सगळं हळूहळू तापत जातं. रिकामी टाकी भरेपर्यंत नळ सोडून ठेवला तरी पाणी सांडत नाही, तसंच हे. टाकी भरली की मात्र जेवढं बाहेर जातंय तेवढंच आत घेता येतं. पाठीचं तापमान ४५ अंशांच्या अलीकडे ठेवायचं, म्हणजे हाताला चटका बसू नये आणि बॅटरीही सांभाळली जावी, असा बहुतेक फोनचा बंदोबस्त असतो. त्या रेषेजवळ पोचलं की फोन चिपचा वेग एकेक पायरी खाली आणतो.

आता खरी गोम इथे आहे. तुम्ही गेममध्ये ६० मागितलेले आहेत. चिप मंदावली तरी गेम ६० च मागत राहतो. म्हणजे मंदावलेली चिपही पूर्ण जोर लावून पळत राहते, तिला क्षणाचीही उसंत मिळत नाही. थोडी थंड झाली की वेग वाढतो, पुन्हा तापते, पुन्हा खाली येते. एफपीएस ५० वरून ३६ वर, मग ४४ वर, पुन्हा ३५ वर अशी झोके घेते. हाताला सवय ६० ची झालेली असते. रिकॉइल सांभाळताना बोट किती ओढायचं याचा हिशोब त्या सवयीवर असतो. नेमकी शेवटची चकमक सुरू झाली की तो हिशोब चुकतो. गावातल्या स्पर्धेत बक्षिसाच्या मॅचमध्ये हेच होतं. शेवटपर्यंत टिकणारे चाळीस एफपीएस हे सुरुवातीला साठ आणि शेवटी पस्तीस देणाऱ्या सेटिंगपेक्षा कधीही बरे.

ग्राफिक्स आणि फ्रेम रेट, आधी कशाला हात लावायचा?

बीजीएमआयच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सच्या भागात दोन मुख्य ओळी आहेत. पहिली चित्राच्या दर्जाची: Smooth, Balanced, HD, HDR आणि त्यापुढे. दुसरी फ्रेम रेटची: Low म्हणजे साधारण २०, Medium २५, High ३०, Ultra ४० आणि Extreme ६०. काही फोनवर त्याच्याही वर ९० किंवा १२० चा पर्याय येतो. प्रत्येक फोनला सगळे पर्याय दिसत नाहीत. दर्जा वाढवला की फ्रेम रेटचे वरचे पर्याय बंद झालेले दिसतील, ते फोनच्या ताकदीनुसार गेमनेच ठरवलेलं असतं.

दर्जा वाढवला की सावल्या, पाण्यातलं प्रतिबिंब, दूरच्या झाडांचे बारकावे, कडांचा गुळगुळीतपणा हे सगळं वाढतं. हा भार मुख्यतः ग्राफिक्सच्या चिपवर, म्हणजे जीपीयूवर पडतो. फ्रेम रेट मात्र सगळ्यांनाच पळवतो. प्रत्येक चित्रासाठी प्रोसेसरला खेळाडू कुठे आहेत, गोळी कुठे गेली, काय दिसतंय आणि काय आडोशाला आहे याची जुळवाजुळव करावी लागते आणि मग जीपीयूला ते चितारावं लागतं. ६० चे ४० केले की दोघांचंही एक तृतीयांश काम कमी होतं.

कमी होणारी वीज त्याहूनही जास्त असते. चिपला जास्त वेगाने पळवायचं तर तिला नुसता वेग देऊन भागत नाही, जास्त व्होल्टेजही द्यावं लागतं. त्यामुळे दीडपट वेगाला दीडपटीहून जास्त वीज लागते. मोटारसायकल पन्नासवर ठेवली तर अ‍ॅव्हरेज मिळतं आणि ऐंशीवर नेली की पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत उतरतो, तसलाच हा प्रकार. शेवटचा थोडासा वेग सगळ्यात महाग पडतो.

म्हणून क्रम असा ठेवा. दर्जा एकदाच Smooth वर आणा, सावल्या बंद करा आणि अँटी-अलायझिंगचा पर्याय दिसत असेल तर तोही बंद. बरेच मुरलेले खेळाडूही Smooth च वापरतात, कारण सावल्या आणि बारकावे कमी असले की लपलेला माणूस उलट लवकर दिसतो. इथपर्यंत आलात की दर्जाच्या बाजूला कमी करण्यासारखं फार काही उरत नाही. यानंतर खरं काम फ्रेम रेटचं. रंगांची जी स्टाइल असते, Classic, Colorful वगैरे, तिने तापण्यात फारसा फरक पडत नाही. ती आवडीप्रमाणे ठेवा.

टक्केवारीवरून वॅट काढायची युक्ती

आपल्या फोनला कोणता फ्रेम रेट झेपतो हे दुसऱ्याच्या व्हिडिओवरून कळत नाही. तो एसीत बसून खेळत असतो आणि आपण पत्र्याखाली. तेव्हा आपल्या खोलीत आपणच मोजायचं. त्यासाठी वेगळं अ‍ॅप लागत नाही.

५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास वीज मावते. म्हणजे बॅटरी एक टक्का उतरली की ०.१९ वॅट-तास खर्च झाली. अर्ध्या तासाच्या मॅचसाठी हिशोब अगदी सोपा होतो. जितके टक्के उतरले त्याला ०.३८ ने गुणा, आले वॅट. दहा टक्के उतरले तर ३.८ वॅट. बॅटरी ६००० ची असेल तर ०.४६ ने गुणा. ही खर्च झालेली वीज म्हणजेच फोनला बाहेर टाकावी लागणारी उष्णता. बॅटरीची टक्केवारी हाच आपला थर्मामीटर समजा.

चाचणीआधी फोन थंड असू द्या. चार्जर काढलेला हवा. स्क्रीनचा उजेड आपोआप कमी-जास्त होणारा पर्याय बंद करून एका जागी ठेवा. गेममधला ग्राफिक्स आपोआप बदलणारा पर्यायही बंद करा, नाहीतर मध्येच दर्जा उतरतो आणि आपण काय मोजतोय ते कळत नाही. बहुतेक फोनच्या गेम मोडमध्ये एफपीएसचा आकडा कोपऱ्यात दाखवायची सोय असते. शाओमीत गेम टर्बो, सॅमसंगमध्ये गेम बूस्टर, असं वेगवेगळं नाव असतं. तो आकडा चालू करा. मग एक पूर्ण अरँगेलची मॅच खेळा. लवकर मेलात तर टीममेटला बघत बसू नका, ती मॅच मोजणीत धरू नका आणि फोन थंड करून पुन्हा करा. दुसऱ्या, दहाव्या, विसाव्या आणि पंचविसाव्या मिनिटाला एफपीएस बघा. सुरुवातीची आणि शेवटची टक्केवारी लिहून ठेवा.

उदाहरणादाखल एक हिशोब मांडून बघू. फोन ५००० एमएएचचा, पावसाळ्यातली संध्याकाळ, खोलीत २८ अंश. पहिली मॅच Smooth आणि Extreme वर. दुसऱ्या मिनिटाला ६०, दहाव्याला ५९, विसाव्याला ४४ आणि पंचविसाव्याला ३६ ते ४५ च्या मध्ये हेलकावे. बॅटरी ८४ वरून ७१, म्हणजे १३ टक्के. १३ गुणिले ०.३८, जवळजवळ ५ वॅट. आणि हीसुद्धा सरासरी आहे, कारण शेवटी फोनने वेग कमी केलेला होता. सुरुवातीला खर्च याहून जास्त होता.

फोन अर्धा तास थंड होऊ दिला आणि दुसरी मॅच Smooth आणि Ultra वर खेळली. दुसऱ्या मिनिटाला ४० आणि पंचविसाव्यालाही ४०. बॅटरी ९ टक्के उतरली, म्हणजे ३.४ वॅट. या हवेत या फोनचं घर इथे बसलं. मग कुणी म्हणेल आता जागा शिल्लक आहे तर दर्जा HD करू. करून बघायला हरकत नाही, पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा पंचविसाव्या मिनिटाचा आकडा बघा. तो हलला तर परत Smooth वर या.

टक्केवारी पूर्ण आकड्यात दिसते, त्यामुळे एका टक्क्याची चूक सहज होते. एकाच सेटिंगवर दोन मॅच मोजून सरासरी घ्या. दोन-तीन वर्षं वापरलेल्या बॅटरीची क्षमता कमी झालेली असते, तिथे हिशोबाने येणारे वॅट खऱ्यापेक्षा जास्त दिसतील. पण दोन सेटिंगमधली तुलना तरीही खरीच राहते आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

४४ अंशांत तेच सेटिंग का चालत नाही

रावेर-यावल पट्ट्यात किंवा भुसावळला मे महिन्यात दुपारी पारा ४३-४४ च्या वर जातो, हे इथल्या कुणाला सांगायला नको. फोनसाठी त्याचा अर्थ काय होतो ते मात्र बघण्यासारखं आहे.

उष्णता गरम वस्तूकडून थंड हवेकडे जाते आणि दोघांच्या तापमानात जितकं अंतर जास्त तितकी ती वेगाने जाते. फोनची पाठ ४५ अंशांवर रोखलेली आहे असं धरू. खोलीत २५ अंश असतील तर अंतर २० चं आहे. खोलीत ४० असतील तर अंतर फक्त ५ चं उरतं. म्हणजे तोच फोन, तेच सेटिंग, पण उष्णता बाहेर टाकायची त्याची ताकद चौथ्या हिश्श्यावर आली. जानेवारीत चार-पाच वॅट बाहेर टाकणारा फोन मेच्या दुपारी बंद खोलीत कसाबसा एक वॅट टाकतो. गेम ३० एफपीएसवर आणला तरी त्याला अडीच वॅट लागतातच, कारण स्क्रीन आणि नेटवर्क आपला वाटा घेतच असतात. म्हणजे भर दुपारी, पत्र्याखाली, वारा नसताना कोणतंच सेटिंग पूर्ण मॅच टिकणार नाही. तिथे फोनचा दोष नाही. अनेक कंपन्या आपल्या माहितीपत्रकातच सांगतात की फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा. उन्हात धरला तर हवेचं तापमान बाजूलाच राहिलं, काळी काच ऊन पिऊन वेगळीच तापते.

इथे टेबल फॅन कामाला येतो. पंख्याची हवा थंड नसते, ४० अंशांच्या खोलीत ती ४० चीच असते. पण फोनला चिकटून बसलेला गरम हवेचा थर ती सतत उडवते, त्यामुळे उष्णता बाहेर जाण्याचा वेग दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो. वारा फोनच्या पाठीवर, कॅमेऱ्याच्या बाजूला लागेल असं बसा. गादीवर लोळून, फोन उशीला टेकवून खेळलं तर पाठीची वाट बंद होते. जाड रबरी कव्हर म्हणजे फोनला घातलेला स्वेटर. निदान मॅचपुरतं तरी ते काढा.

आधीच्याच फोनचा हिशोब पुढे नेऊ. मे महिना, रात्रीचे नऊ, खोलीत अजून ३८ अंश, पंखा समोर, कव्हर काढलेलं. Ultra वर अठराव्या मिनिटापर्यंत ४० मिळाले, मग ३३-३४. High वर मात्र पंचविसाव्या मिनिटालाही ३० आणि बॅटरी ७ टक्के उतरली, म्हणजे पावणेतीन वॅटच्या आत. तेव्हा या फोनची दोन सेटिंग झाली: उन्हाळ्यात High, बाकी वर्षभर Ultra. अकरानंतर गच्चीवर ३० अंश झाले की उन्हाळ्यातही Ultra चालेल. स्पर्धेची मॅच दुपारी चारची ठेवली असेल तर सराव पहाटे थंड हवेत करून उपयोग नाही, त्याच वेळेच्या गर्मीत करून बघा.

३० एफपीएस ऐकून पोरं नाक मुरडतात. ते खरंही आहे, ६० ची सवय असलेल्याला पहिले दोन दिवस गेम जड वाटतो. सेन्सिटिव्हिटी पुन्हा बसवावी लागते. पण ती एकदा बसवली की मॅचच्या शेवटीही तशीच राहते. एक बारीक गोष्ट आणखी आहे. ज्याची स्क्रीन ६० हर्ट्झची आहे, त्याला ३० जास्त समतोल दिसू शकतात, कारण प्रत्येक चित्र बरोबर दोन ठोके थांबतं. ४० मध्ये एक चित्र एक ठोका आणि पुढचं दोन ठोके असं होतं, त्यामुळे आकडा मोठा असूनही नजर फिरवताना किंचित खडबडीत वाटतं. १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर, आणि गेममध्येही ती १२० वरच चालत असेल तर, ४० अगदी सारखे बसतात. म्हणून दोन्ही खेळून बघा. काहींना स्थिर ३० आवडतात, काहींना ४०.

फोनला तापवणाऱ्या बाकीच्या गोष्टी

लाईट जायच्या भीतीने चार्जिंगला लावूनच खेळायची आपल्याकडे पद्धत आहे. चार्ज होताना बॅटरी आणि तिचं सर्किट स्वतःही तापतात आणि ती भर गेमच्या उष्णतेत पडते. शिवाय गरम झालेला फोन चार्जिंगच हळू करतो, म्हणजे दोन्हीकडून तोटा. बॅटरीला सगळ्यात जास्त म्हातारं करणारी गोष्ट कोणती असेल तर भरलेली बॅटरी आणि वरून उष्णता. दीड वर्षात फुगलेल्या बॅटऱ्या दुकानात येतात, त्यांच्या मागे हे कारण पुष्कळदा असतं. मॅचच्या आधी ७०-८० टक्के भरून घ्या आणि पिन काढून खेळा. काही फोनमध्ये बायपास चार्जिंगची सोय असते, त्यात वीज बॅटरीत न जाता थेट फोनला मिळते. ती असेल तर खुशाल वापरा. पाठ फुगून वर आलेली दिसली तर मात्र सेटिंग बदलत बसू नका, तो फोन वापरणं आणि चार्ज करणं थांबवून दुकानात न्या.

दुसरी गोष्ट सिग्नल. टॉवर लांब असला की फोनला जास्त जोर लावून बोलावं लागतं आणि तो जोरही उष्णताच. ज्या गावात ५जीची एखादीच काडी येते तिथे फोन ५जी आणि ४जी यांच्यामध्ये सारखा उड्या मारतो. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ४जी वर थांबवलं तर पिंगही सावरतो आणि फोनही थोडा शांत होतो. घरात वायफाय असेल तर सगळ्यात उत्तम.

तिसरी गोष्ट फोनचा "परफॉर्मन्स मोड". नाव ऐकून सगळे तो चालू करतात. तो चिपला वरच्या वेगावर बांधून ठेवतो, त्यामुळे उधारीची दहा मिनिटं सातच होतात. फ्रेम रेट ४० वर बांधला असेल तर फोन साध्या, म्हणजे बॅलन्स्ड मोडवरच ठेवा. ४० चित्रं झाली की चिपला जी उसंत मिळते, तीच तर आपल्याला हवी आहे. प्ले स्टोअरवरचे "कूलर" अ‍ॅप फोन थंड करत नाहीत, उलट स्वतःच मागे चालत राहतात. आणि ९० एफपीएस उघडून देणारे जीएफएक्स टूल दोन्ही बाजूंनी महाग पडतं. फोन आणखी तापतो आणि गेमच्या नियमात न बसल्याने खातं बंद होण्याची भीती वेगळी.

तापलेला फोन फ्रीजमध्ये किंवा माठाच्या ओल्या फडक्यावर ठेवायचं तेवढं करू नका. गरम फोन एकदम थंड केला की आत दमट हवेचं पाणी होतं आणि वॉरंटीवाले ते पाणी बरोबर शोधून काढतात. मॅच संपल्यावर गेम बंद करा, स्क्रीन बंद करा आणि फोन फरशीवर किंवा पंख्याखाली पालथा ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत तो पुरेसा निवतो. लगेच दुसरी मॅच लावली तर उधारी मिळणार नाही, फोन पहिल्या मिनिटापासूनच मंद चालेल. स्पर्धेत एकामागून एक तीन मॅच असतील तर पहिल्याच मॅचपासून एक पायरी खालचा फ्रेम रेट लावून बसा.

फ्री फायर मॅक्स खेळणाऱ्यांना हा त्रास कमी होतो. मॅच छोटी असते, भारही हलका असतो आणि टाकी भरायच्या आत खेळ संपतो. तरी तिथेही High FPS चा पर्याय Normal वर आणणं हीच पहिली पायरी, दर्जा त्यानंतर. मोजायची पद्धत तीच, फक्त मॅच पंधरा मिनिटांची असेल तर टक्क्यांना ०.३८ ऐवजी ०.७६ ने गुणा.

एवढं करूनही थंड हवेत, पिन काढून, Smooth आणि High वर पाचव्या-सहाव्या मिनिटालाच फोन ढासळत असेल, किंवा गेम बंद असतानाही पाठ गरम राहत असेल, तर मग बॅटरी किंवा आतलं काहीतरी खरोखर बिघडलेलं असू शकतं. तेव्हा दुकानात जा आणि लिहून ठेवलेले आकडे सोबत न्या. "कुठल्या सेटिंगवर, कितव्या मिनिटाला, किती टक्के" हे सांगितलं की दुकानदारालाही रिसेट मारून पैसे घेता येत नाहीत.